गुणांची फेरतपासणी मागणारं सरांना पत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मुलं सेमिस्टर संपत आलं की जवळपास एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पाठवतात: "एका मार्काने ग्रेड गेली, सरांना काय लिहू?" ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण चालवलं आहे. विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, ४ क्रेडिट, कॉलेज स्वायत्त. इंटर्नलला ५० गुण आणि सेमिस्टरअखेरची परीक्षा १०० ची, तिचे निम्मे म्हणजे ५०. ग्रेडची शिडी अशी धरली आहे: ९० पासून ओ, ८० पासून ए प्लस, ७० पासून ए, ६० पासून बी प्लस. तुमच्या स्कीमचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, हिशोबाची रीत तीच राहते.

१. पत्र सरांना लिहायचं की थेट रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायचा?

गुण कुठे कमी पडलेत त्यावर ते ठरतं. इंटर्नलच्या टेस्ट, असाइनमेंट, लॅब रेकॉर्ड हे सगळं तुमच्या सरांनीच तपासलेलं असतं. तिथली चूक दुरुस्त करायचा अधिकार त्यांच्याकडे असतो, फार तर एचओडींची सही लागते. त्यासाठी पत्र.

सेमिस्टरअखेरचा पेपर वेगळा. कॉलेज व्हीटीयूशी किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठाशी नुसतं संलग्न असेल, तर तो पेपर विद्यापीठ तपासून घेतं आणि तुमच्या सरांना त्यात हात घालता येत नाही. त्यांना कितीही सुंदर पत्र लिहिलंत तरी ते "फॉर्म भर" एवढंच सांगतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. स्वायत्त कॉलेजात हा पेपर कॉलेजचाच परीक्षा विभाग तपासून घेतो, पण तिथेही अर्ज परीक्षा नियंत्रकांकडे जातो, फी भरून, ठरलेल्या मुदतीत. त्याबद्दल प्रश्न १० पाहा. बाकीचं पान मुख्यतः इंटर्नलबद्दल आहे, कारण पत्राचा खरा उपयोग तिथेच होतो.

२. नेमके किती गुण मिळाले तर माझी ग्रेड बदलेल, हे कसं काढायचं?

आधी हे बघा की टेस्टमधला एक गुण अंतिम बेरजेत किती उरतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, एकूण ६९ आहेत, म्हणजे टेस्टमध्ये एक गुण वाढला की ७०.

आपल्या उदाहरणात दोन टेस्ट आहेत, प्रत्येकी ५० ची. दोन्हींची बेरीज १०० ची होते आणि ती २५ वर आणली जाते. म्हणजे टेस्टमधला एक गुण शेवटी पाव गुण. असाइनमेंटचे २५ गुण जसेच्या तसे जोडतात. सेमिस्टरअखेरच्या पेपरातला एक गुण शेवटी अर्धा.

आता विद्यार्थ्याचे गुण घेऊ. पहिल्या टेस्टमध्ये ३१, दुसऱ्यात ३६, बेरीज ६७. चारने भागलं की १६.७५. असाइनमेंटचे २१ मिळवले की इंटर्नल ३७.७५, पूर्णांकात ३८. सेमिस्टरअखेरच्या पेपरात ६२, त्याचे निम्मे ३१. एकूण ६९. ग्रेड बी प्लस. एपासून एक गुण लांब.

इंटर्नल ३९ व्हायला हवं, म्हणजे पूर्णांक करण्याआधी किमान ३८.५. असाइनमेंटचे २१ वजा केले तर टेस्टच्या वाट्याला १७.५ येतात, आणि त्याची चौपट ७०. सध्या ६७ आहेत. म्हणजे टेस्टमध्ये ३ गुण वाढले तर ग्रेड बदलते. २ वाढले तर बेरीज ६९, चारने भागून १७.२५, इंटर्नल ३८.२५, पुन्हा ३८च. गुण वाढले, ग्रेड जागच्या जागी.

हा हिशोब पत्र लिहायच्या आधी कागदावर करा. त्यातून "मला १२ गुण लागतील" असं निघालं, तर ग्रेडसाठी पत्र लिहिण्यात अर्थ नाही. चूक दिसत असेल तर ती जरूर दाखवा, पण ग्रेडची गोष्ट मध्ये आणू नका.

३. अपूर्णांक कुठे पूर्णांक करतात? त्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच. प्रश्न २ मधल्याच विद्यार्थ्याला सेमिस्टरअखेरच्या पेपरात ६२ ऐवजी ६३ मिळाले असं समजा. निम्मे ३१.५. कॉलेज इंटर्नल आणि पेपर दोन्ही वेगवेगळे पूर्णांक करत असेल, तर ३८ अधिक ३२, एकूण ७०, ग्रेड ए. पण कॉलेज सगळं जोडून एकदाच पूर्णांक करत असेल, तर ३७.७५ अधिक ३१.५ म्हणजे ६९.२५, म्हणजे ६९, ग्रेड बी प्लस. तोच विद्यार्थी, तेच पेपर.

म्हणून नियमपुस्तिकेत "अपूर्णांक पुढच्या पूर्णांकात धरले जातील" असं वाक्य कुठल्या पायरीला लागू आहे ते शोधा. काही ठिकाणी अर्धा किंवा जास्त असेल तरच वर नेतात, काही ठिकाणी कुठलाही अपूर्णांक वर जातो. दुसरा नियम असेल तर ३८.२५ चे ३९ होतात आणि वर काढलेले ३ गुण २ वरच येतात. आणखी एक गंमत: टेस्टचे गुण रजिस्टरमध्ये १६.७५ असे लिहिलेत की आधीच १७ केलेत, हेही विचारून घ्या. दोनदा पूर्णांक झालेला हिशोब पत्रात एकदाच पूर्णांक धरून मांडलात तर तुमचा आकडा आणि सरांचा आकडा जुळणार नाही, आणि मग पुढचं कोणी नीट वाचत नाही.

४. "फक्त तीन गुण कमी पडलेत" हे पत्रात लिहावं का?

लिहावं, पण शेवटी, आणि कारण म्हणून नाही.

तीन गुणांनी ग्रेड जाते ही तुमची अडचण आहे, सरांनी तीन गुण द्यावेत याचा तो पुरावा होत नाही. वर्गात साठ मुलं असतील तर त्यातली काही कुठल्या ना कुठल्या सीमेच्या एक-दोन गुण खालीच असणार. पत्राची सुरुवात "सर, फक्त तीन मार्क द्या, ए होईल" अशी केली की ते मागणीपत्र होतं, आणि सरांनी होकार दिला तर त्यांना बाकीच्यांनाही द्यावं लागेल.

मग आकडा लिहायचाच कशाला? कारण त्याने सरांना कळतं की ही फेरतपासणी नुसती हौस नाही, निकालावर परिणाम करणारी आहे, आणि ग्रेड गोठण्याआधी ती व्हायला हवी. शिवाय हिशोब मांडलेला असला की सरांना तो पुन्हा करत बसावं लागत नाही. आधी उत्तरातली जागा दाखवा, मग त्या जागेचा हिशोबावर होणारा परिणाम एका-दोन वाक्यांत. हा क्रम उलटला की तेच शब्द वेगळे वाटतात.

५. कुठल्या कारणावर फेरतपासणी मागता येते?

सगळ्यात भक्कम कारण म्हणजे बेरजेची चूक. ब्लू बुकच्या आत उपप्रश्नाला ४ दिलेत आणि मुखपृष्ठावरच्या तक्त्यात ३ उतरलेत. यावर वाद होत नाही. त्यानंतर न तपासलेलं उत्तर: पान उलटून मागच्या बाजूला लिहिलेलं, किंवा पुरवणीतलं, ज्यावर लाल खूणच नाही.

तिसरं कारण नाजूक आहे आणि बहुतेक खरी पत्रं त्यावरच असतात: आधीच्या पायरीतली एक चूक पुढे वाहत गेली, पण पुढची रीत बरोबर आहे. आपल्या विद्यार्थ्याचं तेच झालं. दुसऱ्या टेस्टच्या ३(ब) मध्ये ६ मीटरची साधी आधार दिलेली तुळई होती, डाव्या आधारापासून २ मीटरवर ३० किलोन्यूटनचा भार. त्याने भार उतरवताना ३० च्या जागी ३६ लिहिला. त्यामुळे आधारांवरच्या प्रतिक्रिया २० आणि १० ऐवजी २४ आणि १२ आल्या, आणि सर्वाधिक बेंडिंग मोमेंट ४० ऐवजी ४८. पण त्याच्या स्वतःच्या आकड्यांत सगळं जुळतं: डावीकडून २४ गुणिले २ म्हणजे ४८, उजवीकडून १२ गुणिले ४ म्हणजेही ४८. आकृत्यांचा आकारही बरोबर. १० पैकी त्याला २ मिळाले.

इथे विचारण्यासारखं आहे, कारण तपासणीच्या स्कीममध्ये प्रतिक्रिया, शिअर फोर्सची आकृती आणि बेंडिंग मोमेंटची आकृती यांना वेगवेगळे गुण होते. पण मिळतीलच असं नाही. काही सर रीतीला गुण देतात, काही आकडा चुकीचा उतरवला की ठराविक गुण कापतात, आणि दोन्ही चालतं, फक्त सगळ्या वर्गाला एकच नियम लागला पाहिजे. तुमच्या आकड्यांत विसंगती असेल, म्हणजे डावीकडून ४८ आणि उजवीकडून काही वेगळंच येत असेल, तर हे कारण देऊ नका. तेव्हा रीतही चुकलेली असते.

"मी खूप अभ्यास केला होता", "घरची परिस्थिती", "प्लेसमेंटला सात पॉइंट पाच लागतो" ही कारणं खरी असतील, पण फेरतपासणीची नाहीत.

६. पत्राचा नमुना मिळेल का?

वरच्याच विद्यार्थ्याचं पत्र असं होईल:

> आदरणीय सर,
>
> मी चौथ्या सेमिस्टरचा, ब तुकडीचा विद्यार्थी. यूएसएन ______. काल स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या दुसऱ्या टेस्टची ब्लू बुक पाहायला मिळाली. दोन जागी आपण पुन्हा एकदा पाहावं अशी विनंती आहे.
>
> पहिली जागा प्रश्न १(क). आतल्या पानावर ४ गुण आहेत, मुखपृष्ठाच्या तक्त्यात ३ आले आहेत.
>
> दुसरी जागा प्रश्न ३(ब), पान ७ आणि ८. भार उतरवताना मी ३० ऐवजी ३६ किलोन्यूटन लिहिला, ही चूक माझी आहे. त्यापुढच्या प्रतिक्रिया, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या त्या आकड्याप्रमाणे सुसंगत आहेत. या प्रश्नाला १० पैकी २ गुण आहेत. स्कीमप्रमाणे रीतीचे गुण देता येतात का, हे आपण पाहावं. देता येत नसतील तर कुठल्या पायरीला गुण गेले ते समजलं तरी मला उपयोग होईल.
>
> सध्या दोन टेस्टची बेरीज ६७ आणि इंटर्नल ३८ आहे. सेमिस्टरअखेरच्या पेपरातले ३१ धरून एकूण ६९ होतात, ग्रेड बी प्लस. फक्त १(क) ची दुरुस्ती झाली तर बेरीज ६८ होईल आणि ग्रेड बदलणार नाही. बेरीज ७० झाली तर इंटर्नल ३९ आणि ग्रेड ए होते. हा हिशोब आपल्या माहितीसाठी. निर्णय उत्तर पाहूनच व्हावा.
>
> फेरतपासणीत गुण कमी झाले तरी मला मान्य आहे. आपल्याला सोयीची वेळ कळवल्यास मी ब्लू बुक घेऊन भेटायला येईन.
>
> आपला विद्यार्थी,
> ______

"फक्त १(क) ची दुरुस्ती झाली तर ग्रेड बदलणार नाही" हे वाक्य बऱ्याच जणांना नको वाटतं. मला ते पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटतं. स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडाही लपवला नाही, हे सरांना दिसतं.

७. पत्र कुठल्या भाषेत? आमचे सर धारवाडकडचे, मराठी येत नाही.

विषय इंग्रजीतून शिकवला जातो तिथे पत्रही इंग्रजीत द्या. कच्चा मसुदा मराठीत लिहून मग उतरवलात तर हिशोब जास्त नीट मांडला जातो, असा अनुभव आहे. सर कन्नडभाषक असतील आणि तुम्हाला कन्नड नीट लिहिता येत नसेल, तर अर्धवट कन्नडपेक्षा सरळ इंग्रजी बरं. बोलताना मात्र "नमस्कार सर, ओंदु डाउट इदे" एवढं म्हणालात तरी कोणी नाराज होत नाही. मराठी विभागाचा किंवा मराठी माध्यमाचा विषय असेल तर मराठीच. आवक-जावक नोंद लागणाऱ्या अर्जावर कॉलेजचं नाव आणि पत्ता अधिकृत लिहावा लागतो, तिथे गावाचं नाव 'बेळगावी' लिहा.

मेल पाठवा आणि त्याची छापील प्रत सरांच्या हातात द्या. नुसत्या व्हॉट्सॲपवर हे काम करू नका, पुढे तारीख दाखवायची वेळ आली की अडचण होते.

८. ब्लू बुकवर मी आधीच सही केली आहे. आता बोलता येईल का?

येईल, पण अवघड होतं. सहीचा अर्थ बऱ्याच कॉलेजांत "गुण पाहिले, मान्य आहेत" असा धरतात. ब्लू बुक वर्गात वाटतात तेव्हा पाच मिनिटं मिळतात आणि पोरं ती शेजाऱ्याचे मार्क बघण्यात घालवतात. त्याच पाच मिनिटांत उपप्रश्नांची बेरीज करा, मागची पानं उलटून बघा, मग सही. शंका असेल तर सहीच्या बाजूला "१(क) ची बेरीज पाहावी" असं लिहून तारीख घाला. सही होऊन गेली असेल तर बेरजेच्या चुकीसाठी तरी लगेच जा, ती सही झाल्यावरही चूकच असते.

९. मुदत किती असते? सर म्हणतात मार्क अपलोड झालेत.

इंटर्नलचे गुण विद्यापीठाच्या किंवा परीक्षा विभागाच्या पोर्टलवर चढवून अंतिम केले की सरांना स्वतःच्या लॉगिनमधून ते बदलता येत नाहीत. त्यामुळे खरी मुदत नोटीसबोर्डवरच्या तारखेपेक्षा अपलोडच्या दिवसाने ठरते. टेस्टची ब्लू बुक हातात आली त्याच आठवड्यात पत्र द्या.

इथे एक पेच आहे. प्रश्न २ मधला हिशोब पूर्ण करायला सेमिस्टरअखेरच्या पेपराचे गुण लागतात, आणि ते येईपर्यंत इंटर्नल बंद झालेलं असतं. वरचं पत्र चालतं कारण त्या कॉलेजात निकालानंतर इंटर्नलच्या तक्रारीसाठी थोडे दिवस ठेवलेले आहेत. तुमच्याकडे तसं नसेल तर एकूण आणि ग्रेडची वाक्यं गाळा आणि "इंटर्नल ३८ वरून ३९ होतं" एवढंच लिहा. अंतिम ग्रेडचा अंदाज बांधून पत्रात घालू नका.

अपलोड झाल्यावर बेरजेची चूक सापडली, तर एचओडींमार्फत परीक्षा विभागाला दुरुस्तीचं पत्र जातं. सोबत ब्लू बुकच्या त्या पानाची प्रत आणि सरांची सही लागते. वेळ लागतो. रीतीच्या गुणांसाठी या टप्प्यावर सहसा कोणी हा खटाटोप करत नाही.

१०. विद्यापीठाच्या पेपरात १ गुण कमी पडला. मग काय?

आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, मग रिव्हॅल्युएशन. कॉपी न बघता फॉर्म भरणं म्हणजे पैसे अंधारात टाकणं. कॉपीत बेरीज आणि न तपासलेली उत्तरं बघा, कारणांची पारख प्रश्न ५ प्रमाणेच करा. आणि लक्षात ठेवा, इथला एक गुण अंतिम बेरजेत अर्धा, टेस्टमधला पाव. त्यामुळे सीमेवर असाल तर या पेपरात कमी गुणांत काम होतं.

फोटोकॉपीची मुदत हुकली तरी माहिती अधिकाराचा मार्ग उरतो. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईविरुद्धच्या खटल्यात २०११ मध्ये सांगितलं. पण त्याच निकालात हेही स्पष्ट आहे की उत्तरपत्रिका पाहायला मिळणं म्हणजे पुन्हा तपासून मिळणं नव्हे, आणि ती जपून ठेवण्याची मुदत संपली असेल तर मिळणारही नाही. फेरतपासणी फक्त विद्यापीठाच्या नियमाने होते.

११. फेरतपासणीत गुण कमी होऊ शकतात का?

होऊ शकतात. सर पूर्ण ब्लू बुक पुन्हा पाहतात तेव्हा दुसरीकडे चुकून जास्त दिलेला गुणही दिसतो. आपल्या उदाहरणात खाली जायला बरीच जागा आहे, बी प्लस ६० ला सुरू होतो. पण तुमचे एकूण ७० किंवा ६० अगदी काठावर असतील आणि वर जायला सात-आठ गुण लागत असतील, तर विचार करून पत्र द्या. विद्यापीठाच्या रिव्हॅल्युएशनमध्ये कमी झालेले गुण लागू होतात की आधीचेच राहतात, हे त्या-त्या परिपत्रकात लिहिलेलं असतं. फॉर्म भरण्याआधी तेवढी ओळ वाचा.

१२. मैत्रिणीने तेच उत्तर लिहिलं, तिला ६ आणि मला २. तिची ब्लू बुक जोडू का?

जोडू नका. तिचे ६ चे २ होण्याची शक्यता तुम्ही तिच्यावर आणता, आणि तिला विचारलेलं नसतं. "रीतीचे गुण सगळ्यांना एकाच प्रकारे दिलेत का, ते पाहावं" एवढं लिहिलं की सर समजतात.

१३. ग्रेड बदलली तर एसजीपीए किती वाढेल?

बी प्लसला ७, एला ८. विषय ४ क्रेडिटचा, म्हणजे ४ क्रेडिट पॉइंट जास्त. सेमिस्टरला २० क्रेडिट असतील तर एसजीपीए ०.२० ने वाढतो, उदाहरणार्थ ७.३५ चा ७.५५. पण चार वर्षांच्या १६० क्रेडिटच्या सीजीपीएत तोच फरक ०.०२५ उरतो. १ क्रेडिटच्या लॅबसाठी झगडत असाल तर एसजीपीएत फक्त ०.०५ चा फरक आहे, हे आधी बघून घ्या.

१४. आमच्याकडे ग्रेडच्या सीमा वर्गाच्या सरासरीवर ठरतात. मग हा हिशोब?

सापेक्ष ग्रेडिंग असेल तर ७० ही सीमा आधी ठरलेली नसते, त्यामुळे "तीन गुणांनी ए" असं ठामपणे लिहिता येत नाही. सीमा जाहीर झाल्यावरच हिशोब करा. जाहीर करत नसतील तर पत्रात उत्तराच्या जागा दाखवून थांबा.

१५. ३९ वर नापास झालोय. एक गुण मिळाला तर पास?

बहुतेक स्कीममध्ये एकूण किमान गुणांबरोबर इंटर्नल आणि सेमिस्टरअखेरचा पेपर यांची वेगळी किमान मर्यादाही असते. इंटर्नल वाढवून एकूण ४० झाले, पण पेपरातलं किमान गाठलेलं नसेल तर निकाल नापासच. कुठली मर्यादा चुकली ते आधी पाहा. पेपरातली चुकली असेल तर सरांना पत्र लिहून उपयोग नाही, प्रश्न १० कडे जा.

१६. मी चंदगडचा, महाराष्ट्रातला. शिकतो बेळगावात. नियम कुठले?

कॉलेज ज्या विद्यापीठाचं, त्याचे. भाऊ कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात असेल आणि त्याने त्याचा फॉर्म, फी, मुदत सांगितली असेल, तर ती तुम्हाला लागू नाही. त्याची ग्रेडची शिडीही तुमच्यासारखीच असेल असं धरू नका.